भिंतीवरचा भावाचा आलेख: एका कांदा उत्पादक गटाचं प्रकरण

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यातल्या एका गावातला हा चौदा जणांचा गट. मी या गटाचा हिशेब पाहतो आणि स्वतःही कांदा लावतो. २०२५च्या उन्हाळ कांद्याच्या हंगामात आम्ही रोजच्या बाजारभावाची नोंद ठेवून त्याचा आलेख केला. तो करताना काय चुकलं, काय सुधारलं आणि ऐन ऑगस्टमध्ये त्याच आलेखानं आम्हाला कसं अडवून ठेवलं, ते इथे लिहितो आहे. गावाचं, माणसांचं आणि आमच्या बाजार समितीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. भाव सगळे एका क्विंटलचे आहेत. हिशेबातले भाव आणि वजनं सोयीसाठी गोल केली आहेत.

पार्श्वभूमी

आमच्याकडे उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून निघायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये कांदा साठवायच्या चाळी भरतात. हा कांदा टिकाऊ असतो, म्हणून लगेच विकायचा की थांबायचं हा प्रश्न दरवर्षी पडतो. थांबलं तर भाव वाढू शकतो, पण चाळीत कांदा सुकतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. वजनातली ही घट कोणाच्या डोळ्याला रोज दिसत नाही. ती दिसते चाळ फोडल्यावर.

गटात कोणाची चाळ शंभर क्विंटलची, कोणाची तीनशेची. प्रत्येक जण आपापला माल आपापल्या वेळी ट्रॅक्टरमध्ये भरून लिलावाला नेतो. एकत्र विक्री आम्ही करत नव्हतो. गट होता तो खत-औषधं एकत्र घ्यायला आणि एकमेकांना माहिती द्यायला.

अडचण नेमकी काय होती

माहिती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप. दुपारी लिलाव झाला की कोणीतरी टाकायचं, "आज एकोणीसशे गेला." तेवढ्यावर गावात चर्चा सुरू व्हायची. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं ट्रॅक्टर भरून जायचे आणि तेराशे-चौदाशेनं विकून परत यायचे. घरी आल्यावर वाटायचं, व्यापाऱ्यानं आपल्यालाच पाडलं.

फेब्रुवारीच्या बैठकीत आमचे एक वडीलधारे, त्यांना सगळे नाना म्हणतात, शांतपणे म्हणाले, "तो एकोणीसशे एका ट्रॅक्टरचा असतो रे पोरांनो. बाजाराचा नसतो. बाजाराचा भाव कुठला ते आधी ठरवा." आमचं सगळं काम या एका वाक्यावरून सुरू झालं.

सरकारी पानावर रोजच्या भावाची एक ओळ असते. तीत तारीख, शेतमालाची जात, परिमाण, आवक आणि तीन भाव असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण भाव म्हणजे कमी आणि जास्त यांची सरासरी, असं आमच्यातल्या बहुतेकांना वाटत होतं. तसं नाही. त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला, तो सर्वसाधारण भाव. कमीत कमी भाव खाद म्हणजे खराब कांद्याचा असू शकतो आणि जास्तीत जास्त भाव एकाच निवडक ट्रॅक्टरचा. म्हणून आलेख सर्वसाधारण भावाचा काढायचा, हा पहिला निर्णय वाद न होता झाला.

कोणते पर्याय होते

भाव कुठून घ्यायचे, याला तीन वाटा होत्या. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ आपल्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजचे भाव देतं. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर मागच्या तारखांचे भावही काढता येतात. तिसरी वाट समितीच्या आवारातल्या फलकाचा फोटो. फलक सगळ्यात ताजा, पण रोज कोणी तिथे असेलच असं नाही. मागच्या दोन वर्षांचे आकडे आम्ही एकदाच अ‍ॅगमार्कनेटवरून उतरवून घेतले. रोजच्यासाठी एकच पान ठरवलं आणि फलक फक्त शंका आली तर पाहायचा, असं ठरलं.

नोंद कशी करायची यावर जास्त वेळ गेला. गटातल्या एकाचा पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. त्यानं आधी गूगल शीटमध्ये `IMPORTHTML` हे सूत्र लावून पाहिलं. ते पानावरचा तक्ता आपोआप शीटमध्ये ओढतं. पण आम्ही निवडलेल्या पानावर आधी शेतमाल निवडावा लागतो आणि मगच तक्ता भरतो, त्यामुळे सूत्राच्या हाती रिकामा तक्ता आला. मग तो म्हणाला, "काका, मी छोटा प्रोग्राम लिहून देतो, रोज संध्याकाळी आपोआप भरेल."

मी नको म्हणालो. पुढे पान बदललं की प्रोग्राम बंद पडणार आणि त्या वेळी पोरगं परीक्षेत असणार, ही एक भीती होती. त्याहून मोठं कारण म्हणजे रोज एक माणूस ती ओळ डोळ्यांनी पाहील, हे मला हवं होतं. एका समितीची, एका जातीची, रोजची एक ओळ हातानं भरायला दोन मिनिटं लागतात. तीन समित्या आणि चार पिकं असती, तर मी प्रोग्रामच मागितला असता.

पहिला आलेख आणि त्यातल्या तीन चुका

शीट साधी ठेवली. तारीख, जात, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण आणि शेरा, अशा सात उभ्या रकान्यांत एका दिवसाची एक आडवी ओळ. पुतण्यानं मार्चमध्ये महिनाभर भरली आणि आलेख काढला, तर रेषा करवतीच्या दातांसारखी वर-खाली. बाजार इतका कधी हलत नाही.

पहिली चूक जातीची निघाली. मार्चमध्ये लाल कांदा संपत आलेला असतो आणि उन्हाळ यायला लागलेला असतो. पानावर त्याच समितीच्या दोन ओळी येतात, एक लालची आणि एक उन्हाळची. कधी ही वर, कधी ती. पुतण्या वरची ओळ घेत होता. दोन्ही कांद्यांचा भाव वेगळा, त्यामुळे ओळ बदलली की रेषा उडी मारायची. हाच घोळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलटा होतो, कारण तेव्हा चाळीतला जुना उन्हाळ आणि शेतातला नवा लाल एकत्र बाजारात असतात. आम्ही लालसाठी वेगळी शीट केली आणि या शीटमध्ये फक्त उन्हाळ ठेवला.

दुसरी चूक तारखेची. सुट्टीच्या दिवशी पानावर आदल्या लिलावाचीच ओळ दिसते. पोरगं त्या दिवशीही तीच ओळ नव्या तारखेनं भरायचं. ही चूक ओळखायची खूण मला नंतर सापडली. सर्वसाधारण भाव दोन दिवस सारखा असू शकतो, त्यात नवल नाही. पण आवक क्विंटलपर्यंत तंतोतंत सारखी सहसा नसते. आवक जशीच्या तशी दिसली की ओळ बहुधा जुनी आहे. तेव्हापासून नियम असा, की आपण पान उघडलं ती तारीख लिहायची नाही, पानावर छापलेली तारीख लिहायची.

तिसरी चूक बंद दिवसांची. बाजार बंद असला की सुरुवातीला भावाच्या रकान्यात शून्य टाकलं जात होतं. आलेखात रेषा जमिनीला टेकून परत वर यायची आणि आठवड्याची सरासरी पार कोसळायची. कांद्याच्या बाजारात बंदचे दिवस कमी नसतात. रविवार, सण, अमावास्येला लिलाव न करण्याची जुनी रीत, दिवाळीतले बरेच दिवस आणि मध्येच होणारे बंद. भाव आणि आवक कोरी ठेवायची आणि शेऱ्यात "बंद" लिहायचं, असं ठरवलं. आकड्यांच्या रकान्यात "बंद" हा शब्द गेला तर काही सूत्रं अडतात, म्हणून तो शेऱ्यातच.

पानावर आकडा चढवतानाही माणूसच असतो, त्यामुळे कधी एखादं शून्य जास्त पडतं, कधी दोन भावांची जागा बदलते. त्यासाठी आठवा रकाना केला आणि त्यात हे टाकलं:

```
=IF(F2="","",IF(OR(F2<D2,F2>E2),"तपासा",""))
```

D म्हणजे कमीत कमी, E जास्तीत जास्त, F सर्वसाधारण. सर्वसाधारण भाव या दोघांच्या बाहेर गेला की "तपासा" दिसतं. त्याशिवाय आदल्या दिवसापेक्षा भाव पाव हिश्शानं हलला, तर फलकाचा फोटो मागवायचा. हंगामात असे फोटो चार वेळा मागवले. तीन वेळा आकडा चुकलेला होता आणि एकदा भाव खरंच पडला होता. म्हणून संशयास्पद आकडा पुसून टाकायचा नाही, आधी विचारायचं.

रोजची रेषा सोडून आठवड्याची

एप्रिलमध्ये रोजच्या भावाची रेषा नीट झाली, पण ती पाहून निर्णय होईना. आज शंभर वर, उद्या ऐंशी खाली. सोमवारी रविवारचा साठलेला माल येतो आणि आवक फुगते. काही जण एका दिवसाची उडी पाहून ट्रॅक्टर भरायचे. मजूर बघून, माल निवडून, भरून बाजारात पोचेपर्यंत दीड दिवस जातो आणि तोवर उडी उतरलेली असते.

म्हणून आठवड्याचा एक भाव काढला, तोही आवकेच्या वजनानं. ज्या दिवशी पाच हजार क्विंटल आला आणि ज्या दिवशी पंधरा हजार आला, त्या दोन्ही दिवसांना सारखं मोल देणं बरोबर नाही. सहा दिवसांचं सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(C2:C7,F2:F7)/SUM(C2:C7)
```

C म्हणजे आवक. बंद दिवसाची आवक आणि भाव दोन्ही कोरे असतील, तर तो दिवस हिशेबातून आपोआप गळतो. आलेखात ही आठवड्याची रेषा जाड काढली आणि तिच्यामागे कमीत कमी ते जास्तीत जास्त असा फिकट पट्टा ठेवला. पट्टा ठेवण्याचा आग्रह नानांचा. "तो रुंद दिसला की समजायचं, निवडून नेलेल्या मालाला आज किंमत आहे," असं ते म्हणाले आणि ते खरं निघालं.

दर रविवारी त्याची मोठ्या कागदावर छपाई करून दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ सगळे तिथे येतातच. मोबाइलवर जो आलेख कोणी उघडत नव्हतं, तो भिंतीवर सगळे वाचायला लागले. काही दिवसांनी तिथे दोरीला पेन्सिल बांधली आणि माणसं आपापला विकलेला भाव त्यावर टिंबानं मांडायला लागली.

त्या टिंबांतून एक गोष्ट उघडी पडली, जी आम्ही शोधत नव्हतो. मेअखेरपर्यंत बावीस टिंबं जमली होती आणि त्यांतली सोळा जाड रेषेच्या खाली. मी त्या सगळ्यांच्या हिशेबपट्ट्या मागून पाहिल्या. खाली असलेल्यांत बहुतेकांनी बारीक कांदा म्हणजे गोल्टी, आणि जोड कांदा न निवडता सगळा माल एकत्र भरला होता. वरच्या सहा टिंबांपैकी पाच जणांनी गोल्टी वेगळी काढून वेगळी विकली होती. म्हणजे "मला पाडलं" यातला बराच भाग निवडीचा होता. पण इथे सांभाळून बोलायला हवं: बावीस पट्ट्या म्हणजे फार नाहीत आणि निवडायची मजुरी त्यात धरलेली नाही.

जूनचा निर्णय

मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाव १,२०० होता. चाळी भरल्या होत्या. कांद्यावरचं निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढलेलं असल्यामुळे भाव चढेल, अशी सगळ्यांनाच आशा होती. अ‍ॅगमार्कनेटवरून उतरवलेल्या २०२३ आणि २०२४च्या रेषाही तेच सांगत होत्या. दोन्ही वर्षी पावसाळा सरता सरता रेषा वर गेलेली.

त्या जुन्या रेषांवर मी घटनांच्या तारखा लाल शाईनं लिहिल्या होत्या, हे बरं झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं. या तारखांशेजारी रेषा कशी वळते ते पाहिलं की लक्षात येतं, की त्या दोन वर्षांचा चढ-उतार ही नुसती ऋतूची गोष्ट नव्हती. शिवाय दोन वर्षं म्हणजे दोनच. मी बैठकीत म्हणालो, "मागच्या रेषा भिंतीवर राहू द्या, पण त्यांच्यावर चाळ ठेवू नका." ते सगळ्यांना पटलं असं मात्र नाही.

त्याच बैठकीत घट मोजायचं ठरलं. तीन चाळींत प्रत्येकी वीस किलो कांद्याची एक प्लास्टिकची पेटी ठेवली. दर पंधरा दिवसांनी सडका काढून वजन करायचं. जूनअखेर सरासरी घट ६ टक्के भरली आणि भाव १,५०० झाला होता. शंभर किलोचे चौऱ्याण्णव उरले, म्हणजे मेमधल्या वजनावर हा भाव १,४१० पडतो. मेपेक्षा दोनशे दहा जास्त. चाळीचे तीन भाग करायचे आणि पहिला भाग आता विकायचा, असं चौदांपैकी नऊ जणांनी ठरवलं आणि विकला. पाच जण थांबले. त्यांचं म्हणणं होतं, की वर निघालेला भाव अर्ध्यात का सोडायचा.

ऑगस्टची बैठक: आलेखानं घातलेला अडसर

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वळणबिंदू हाच, आणि इथे चूक माझी होती.

जुलैमध्ये मी आलेखात एक तुटक रेषा काढली होती. मेमध्ये १,२०० मिळत होते, तर आता घट धरून किती मिळायला हवेत, ती ही रेषा. ऑगस्टच्या मध्याला पेट्यांची घट १८ टक्के झाली. १,२०० भागिले ०.८२, म्हणजे १,४६३. बाजारभाव मात्र १,३०० वर उतरला होता. भिंतीवर जाड रेषा तुटक रेषेच्या ठसठशीत खाली दिसत होती.

माझा विचार असा, की हे पाहून माणसं सावध होतील. झालं उलटं. बैठकीत एक जण म्हणाला, "भाऊ, तुमचीच रेषा सांगतेय ना चौदाशे साठ पाहिजे म्हणून? मग तेराशेनं तोट्यात कशाला घालायचं? रेषेला टेकू दे, मग काढू." माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. सहा जणांनी पुढचा भाग विकला, आठ जण रेषेला टेकायची वाट पाहत थांबले.

उत्तर मला दोन-तीन दिवसांनी, रात्री हिशेबाची वही घेऊन बसल्यावर सापडलं. मेमधला भाव हातातून गेलेला होता. तो परत मिळणार नव्हता, मग कांदा आज विका की पुढे विका. ऑगस्टमध्ये विचारायचा प्रश्न एवढाच होता: आज विकला तर इतके, आणि दीड महिना थांबलो तर आणखी घटणाऱ्या कांद्याला किती भाव मिळाला म्हणजे आजच्याइतके पैसे होतील? आज शंभरातले ८२ उरले आहेत. सप्टेंबरअखेर ७२ उरतील असा पेट्यांचा कल होता. म्हणून १,३०० गुणिले ८२, भागिले ७२. उत्तर १,४८१. म्हणजे दीड महिन्यात भाव १८० रुपयांनी चढला तरी हातात जास्त काही येत नाही, ते पैसे फक्त आजच्याइतके होतात. आणि त्या वेळी आठवड्याची रेषा सलग खाली येत होती.

दोन्ही आकडे दिसायला सारखेच, एक १,४६३ आणि दुसरा १,४८१. पण पहिला मागे पाहायला लावतो आणि माणूस झालेला तोटा भरून यायची वाट पाहत बसतो. दुसरा पुढे पाहायला लावतो. मी भिंतीवर पहिला टांगला होता.

नवी रेषा काढून लावली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. आठांपैकी दोघांनी ती पाहून माल काढला. बाकीच्यांचं म्हणणं, आता एवढं थांबलो तर गणपती होऊ देत.

निष्पत्ती

सप्टेंबरअखेर भाव हजारावर आला होता. शेवटपर्यंत काहीही न विकलेल्या एका सभासदाचा हिशेब त्याच्या परवानगीनं देतो, कारण त्यानं चाळ भरताना प्रत्येक ट्रॉली काट्यावर तोलली होती आणि त्याचे आकडे पक्के आहेत. भरला १५० क्विंटल. विकण्याजोगा निघाला ९८. मेमध्ये विकता तर १,८०,००० झाले असते, हाती आले ९८,०००.

त्याच मापाची चाळ तीन भागांत विकली, तर जूनच्या पन्नासातले ४७ क्विंटल १,५०० नं, ऑगस्टचे ४१ क्विंटल १,३०० नं आणि सप्टेंबरचे साडेबत्तीस क्विंटल हजारानं. एकूण १,५६,३००. थांबलेल्यापेक्षा अठ्ठावन्न हजार तीनशे जास्त, पण मेमध्ये सगळा विकणाऱ्यापेक्षा तेवीस हजार सातशे कमी. हमाली, तोलाई आणि वाराई यात कुठेच धरलेली नाही. त्या वर्षी साठवणूकच परवडली नाही, आणि ते मेमध्ये आलेखावरून कोणालाही कळण्यासारखं नव्हतं. तीन भाग केल्यानं तोटा आटोक्यात राहिला, एवढंच त्याचं श्रेय.

व्हॉट्सअ‍ॅपवर "आज एवढा गेला" हे निरोप अजून येतात, पण आता खाली कोणीतरी विचारतं, "सर्वसाधारण किती?" गोल्टी वेगळी काढणारे हंगामाअखेर अकरा जण झाले.

पुन्हा केलं तर

सगळ्यात आधी घटीच्या पेट्यांची जागा बदलणार. पेट्यांनी सप्टेंबरअखेर २८ टक्के घट दाखवली आणि काट्यावर तोललेल्या चाळीत ती जवळपास ३५ टक्के निघाली. कारण साधं होतं. पंधरा दिवसांनी काढायला सोपं जावं म्हणून पेट्या चाळीच्या दाराशी, कडेला ठेवल्या होत्या. तिथे हवा खेळते. सड होते ती मध्यभागी, तळाला, जिथे वारा पोचत नाही. यंदा चाळ भरतानाच जाळीच्या पिशव्यांत वजन करून कांदा मध्यावर वेगवेगळ्या उंचीला ठेवणार आहोत. त्या पिशव्या मधेच काढता येणार नाहीत, पहिला भाग विकायला चाळ फोडली की हाताला येतील. मोजणी कमी वेळा होईल, पण खरी होईल.

मागे पाहणारी तुटक रेषा भिंतीवरून कायमची काढली आहे. ती हिशेबाच्या वहीत राहील, हंगाम संपल्यावर पाहायला. भिंतीवर फक्त आजपासून पुढची रेषा, दर रविवारी नव्यानं काढलेली. शीटमध्ये तिचं सूत्र एवढंच आहे, J मध्ये आज उरलेले टक्के आणि K मध्ये सहा आठवड्यांनी उरतील असा अंदाज:

```
=ROUND(F2*J2/K2,0)
```

K चा अंदाज जमिनीप्रमाणे, जातीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे बदलतो, म्हणून तो प्रत्येकानं आपल्या चाळीचा भरायचा. गटाचा एकच आकडा सगळ्यांना लावला, तर ज्याचा कांदा जास्त सडतो त्याला तो फसवेल.

आणखी एक समिती आलेखात घ्यावी का, यावर अजून एकमत नाही. पंचवीस किलोमीटरवरच्या समितीत भाव कधी कधी शंभरानं जास्त दिसतो. पण तिथला सर्वसाधारण भाव तिथे येणाऱ्या मालाचा आहे. तिथे निवडक माल जास्त येत असेल, तर तो शंभराचा फरक आमच्या कांद्याला मिळेलच असं नाही. म्हणून आधी तिघांनी एकाच दिवशी, एकाच चाळीतला कांदा दोन्हीकडे नेऊन पट्ट्या आणायच्या, असं ठरलं आहे. भाडं गट देणार. ते झाल्यावर दुसरी रेषा काढायची की नाही ते पाहू.

रोजची ओळ आता पुतण्या भरत नाही. नानांची सून भरते, संध्याकाळी दूध घालून आल्यावर. परवा तिनं मला फोन करून सांगितलं, "भाऊजी, आज आवक कालच्याइतकीच दाखवतंय, क्विंटलसुद्धा इकडंतिकडं नाही. मी भरली नाही ओळ."